औषधाच्या मात्रेचा हिशेब आणि दुसरी सही

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीची, आमच्या अक्काची, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर दर एकवीस दिवसांनी एक अशी चार वेळा केमोथेरपी ठरली. तिचा मुलगा अडत दुकान सांभाळून सोबत येई आणि मी निवृत्त माणूस म्हणून फाईल सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दोन वेळा सारे सुरळीत पार पडले. तिसऱ्या वेळी मात्र सकाळी दहा वाजता सुई टोचून झाली, औषधांचे बिल भरून झाले, तरी साडेअकरापर्यंत औषध येईना. भाचा अस्वस्थ झाला. बाजारात सौदे सुरू होण्याची वेळ झाली होती. त्याने दोनदा जाऊन चौकशी केली आणि दोन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, "फार्मासिस्टनी कागद परत पाठवला आहे, तपासणी चालू आहे."

"मामा, दोन वेळा दिलेलंच औषध आहे ना? त्यात एवढं काय तपासायचं?" असे तो मला म्हणाला. त्या वेळी मलाही त्याचे म्हणणे पटले होते.

थोड्या वेळाने एक परिचारिका आली आणि तिने अक्काला पुन्हा वजनकाट्यावर उभे केले. काट्यावर अठ्ठावन्न किलो दिसले. सकाळच्या कागदावर पंच्याऐंशी लिहिलेले होते.

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. पाचाच्या जागी आठ आणि आठाच्या जागी पाच. तेरीज जुळत नसेल आणि फरकाच्या रकमेला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, असे आम्ही धरून चालत असू. पंच्याऐंशी वजा अठ्ठावन्न म्हणजे सत्तावीस, नव त्रिक सत्तावीस. खातेवहीत अशी चूक सापडली की आपण ती खोडून सही करतो. इथे ती चूक अक्काच्या शिरेत जाणार होती. वजनाच्या चुकीतून औषधाची चूक नेमकी किती झाली असती, हे त्या दिवशी मी फार्मासिस्टांकडून समजून घेतले आणि घरी येऊन कागदावर मांडले. तो हिशेब वाचकांनाही समजण्यासारखा आहे.

तापाची पाचशे मिलिग्रॅमची गोळी पन्नास किलोचा माणूसही घेतो आणि ऐंशी किलोचाही. ती चालते, कारण उपयोगी पडणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत भरपूर अंतर असते. केमोथेरपीच्या औषधांत हे अंतर फार कमी आहे. ही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात; त्यांत कर्करोगाच्या पेशी येतात, तशा अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या रक्तपेशी आणि तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशीही येतात. मात्रा जास्त झाली तर पांढऱ्या पेशी वाजवीपेक्षा खाली जातात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. मात्रा कमी झाली तर रुग्णाला त्या दिवशी उलट बरेच वाटते आणि चूक कोणाच्याही लक्षात येत नाही. तिची किंमत पुढे, आजार परतल्यावर कळते. म्हणून प्रत्येकाची मात्रा त्याच्या शरीराच्या मापाने काढावी लागते.

हे माप किलोचे नसून चौरस मीटरचे असते, म्हणजे शरीराच्या पृष्ठफळाचे, ज्याला डॉक्टर बॉडी सरफेस एरिया किंवा थोडक्यात बीएसए म्हणतात. औषध जाते रक्तात आणि मोजायची कातडी, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. त्यामागचा विचार असा की, शरीराचा जठराग्नी म्हणा, चयापचय म्हणा, वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. तो साधारणपणे पृष्ठफळाच्या प्रमाणात वाढतो. एका मोठ्या लाडवाचे चार लहान लाडू वळले तर वजन तेवढेच राहते, पण वरचे आवरण वाढते. लहान देहाला वजनाच्या मानाने आवरण जास्त असते, उष्णता अधिक निघून जाते आणि आतली भट्टीही त्या मानाने जोरात चालवावी लागते. वीस किलोचे, ११५ सेंटिमीटर उंचीचे मूल घ्या आणि साठ किलोचा, १६० सेंटिमीटर उंचीचा प्रौढ घ्या. वजनात तिप्पट फरक आहे. पृष्ठफळ मात्र मुलाचे ०.८० आणि प्रौढाचे १.६३ चौरस मीटर, म्हणजे दुपटीच्या आसपास. डोनाल्ड पिंकेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९५८ साली दाखवले की, कर्करोगावरील काही औषधांच्या प्रचलित मात्रा किलोवर मांडल्या तर उंदीर, मूल आणि प्रौढ यांत मोठी तफावत दिसते, पण चौरस मीटरवर मांडल्या की त्या जवळजवळ येतात. तेव्हापासून हे माप या शाखेत रुजले.

पण माणसाचे पृष्ठफळ मोजायचे कसे? १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये ड्यू बॉय आडनावाच्या दोघा चुलतभावांनी ते काम अक्षरशः हाताने केले. माणसाच्या अंगावर घट्ट कपडा चढवून त्यावर कागद चिकटवला, तो साचा कापून सपाट केला आणि त्याचे क्षेत्रफळ काढले. अशा मोजक्या नऊ माणसांच्या मापांवरून त्यांनी उंची आणि वजन यांचे सूत्र बसवले. ते अचूक होते, पण त्यात दशांशातले घात असल्याने साध्या गणकयंत्रावर करता येण्याजोगे नव्हते. १९८७ साली मोस्टेलर यांनी एका छोट्याशा पत्रात सोपी रीत प्रसिद्ध केली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात:

पृष्ठफळ (चौ. मी.) = √(उंची सें.मी. × वजन किलो ÷ ३६००)

अक्काची उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो. गुणाकार ८,९९०. त्याला ३६०० ने भागले की २.४९७ आणि त्याचे वर्गमूळ १.५८. अक्काचे पृष्ठफळ १.५८ चौरस मीटर झाले. ड्यू बॉय यांच्या जुन्या सूत्राने मी तेच काढून पाहिले, तर १.५६ आले. सत्तर वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन सूत्रांत शेकडा एकाचा फरक, हे पाहून मला समाधान वाटले.

अक्काला दोन औषधे होती. एक डॉक्सोरुबिसिन, ज्याच्या रंगामुळे वॉर्डात सगळे त्याला लाल औषध म्हणत. त्याची मात्रा चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम. दुसरे सायक्लोफॉस्फामाइड, चौरस मीटरला ६०० मिलिग्रॅम. साठ गुणिले १.५८ म्हणजे ९४.८, ते पूर्णांकात ९५ मिलिग्रॅम. दुसऱ्याचे ९४८, ते ९५०. असे थोडेसे गोल करणे सर्वत्र मान्य आहे, फक्त ते किती करायचे याची मर्यादा प्रत्येक रुग्णालयाने ठरवलेली असते. लाल औषधाच्या द्रावणात एका मिलिलिटरमध्ये दोन मिलिग्रॅम औषध असते, म्हणून ९५ मिलिग्रॅमसाठी ४७.५ मिलिलिटर घ्यायचे. ५० मिलिग्रॅमच्या दोन बाटल्या पुरतात, पाच मिलिग्रॅम उरते.

आता तोच हिशेब पंच्याऐंशी किलोने करून पाहू. १५५ गुणिले ८५ म्हणजे १३,१७५, भागाकार ३.६६, वर्गमूळ १.९१. लाल औषध ११५ मिलिग्रॅम. पंच्याण्णवच्या जागी एकशे पंधरा, म्हणजे शेकडा एकवीस जास्त. वजनातली चूक शेकडा सत्तेचाळीस होती, पण वर्गमूळ घेतल्याने ती निम्म्याहून कमी झाली. ही या सूत्राची एक दयाळू बाजू म्हणावी लागेल. तरीही अडुसष्ट वर्षांच्या बाईला एकाच वेळी एकवीस टक्के जास्त औषध म्हणजे दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला येण्याची शक्यता. शिवाय लाल औषधाचा आणखी एक हिशेब असतो आणि तो आम्हा बँकवाल्यांना लगेच कळतो. हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते आणि ती इजा आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेवर अवलंबून असते. साधारणपणे चौरस मीटरला एकूण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत. हृदय आधीच कमजोर असेल तर त्याच्याही अलीकडे थांबतात. अक्काच्या चार वेळांचे मिळून २४० होणार होते. ही चालू शिल्लक आहे, ती वर्ष संपले म्हणून शून्यावर येत नाही. म्हणून पुढे कधी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरकडे उपचार घ्यावे लागले तरी हा आकडा फाईलमध्ये असलाच पाहिजे.

एक कबुली दिली पाहिजे. त्या सकाळच्या बिलावर ५० मिलिग्रॅमच्या दोन बाटल्यांबरोबर १० मिलिग्रॅमच्या दोन जास्त लावलेल्या होत्या. भाच्याने बिल पाहिले, रक्कम वाढल्याचे बोलूनही दाखवले आणि पैसे भरले. मीही पाहिले. आयुष्यभर जमाखर्च पाहणारी दोन माणसे. भाव दोघांनी पाहिला, नग दोघांनीही पाहिले नाहीत.

मग फार्मासिस्टांना चूक सापडली कशी? मला वाटले, त्यांनी गणित पुन्हा केले असेल. त्यांनी ते केले होतेच, पण त्यात काही सापडणे शक्य नव्हते. पंच्याऐंशी किलो धरून कितीही वेळा गणित केले तरी उत्तर १.९१ च येणार. चूक गणितात नव्हती, गणितात घातलेल्या आकड्यात होती. त्यांनी मागच्या वेळची नोंद काढून शेजारी ठेवली, तीन आठवड्यांत सत्तावीस किलो वाढलेले पाहिले आणि कागद परत पाठवला. आमच्याकडे धनादेशाची नोंद तपासताना खातेवहीतला आकडा संगणकातल्या आकड्याशी ताडून उपयोग नसे, मूळ धनादेश हातात घ्यावा लागे. तीच ही गोष्ट.

त्यांच्याकडून मला दुसरी महत्त्वाची गोष्ट कळली ती तपासण्याच्या पद्धतीबद्दल. डॉक्टर मात्रा लिहितात. फार्मासिस्ट डॉक्टरांचे उत्तर न पाहता, उंची आणि वजनापासून स्वतःच्या कागदावर पुन्हा हिशेब मांडतात आणि मगच दोन उत्तरे शेजारी ठेवतात. औषध तयार झाल्यावर किती बाटल्या फोडल्या आणि पिचकारीत किती मिलिलिटर घेतले, ते दुसरी व्यक्ती पाहते. रुग्णाच्या खाटेशी दोन परिचारिका असतात. एक आदेशाच्या कागदावरून वाचते, दुसरी पिशवीवरच्या चिठ्ठीवरून, आणि नाव रुग्णाच्या तोंडून ऐकतात. "तुम्ही अमुक ना?" असे विचारत नाहीत, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. रोखपालाने "हे अठ्ठेचाळीस आहेत, जरा मोजा" असे म्हणून बंडल पुढे केले की दुसऱ्याच्या हातूनही अठ्ठेचाळीसच मोजले जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. न सांगता मोजायला दिले तरच सत्तेचाळीस सापडतात.

घरी परतताना भाच्याने मला विचारलेला प्रश्न मात्र मला निरुत्तर करून गेला. तो म्हणाला, "नऊ माणसांवर बसवलेलं सूत्र, वर थोडं गोल करायची मुभा. माप जर मुळात अंदाजाचंच, तर एवढी काटेकोर तपासणी कशाला?"

त्याचे निम्मे म्हणणे खरेच आहे. पृष्ठफळ सारखे असलेल्या दोन माणसांच्या रक्तात त्याच औषधाचे प्रमाण सारखे राहत नाही, कारण औषध निकामी करण्याचे काम यकृताचे आणि मूत्रपिंडाचे आणि ते प्रत्येकाचे वेगळ्या वेगाने चालते. कार्बोप्लॅटिन नावाच्या औषधाची मात्रा म्हणूनच चौरस मीटरवर न काढता मूत्रपिंडाच्या कामावरून काढतात. व्हिन्क्रिस्टिनची मात्रा चौरस मीटरवर काढतात, पण उत्तर दोन मिलिग्रॅमच्या वर आले तरी बहुधा दोनच देतात, कारण ते नसांना अपाय करते. बाकीच्या औषधांत चौरस मीटर हा आरंभ समजतात. पुढच्या वेळी रक्ततपासणी पाहून डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा आठवडाभर थांबतात.

पण सूत्राचा ढोबळपणा आणि माणसाची चूक या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. सूत्राचा ढोबळपणा मर्यादेत राहतो आणि औषधाच्या चाचण्याही त्याच मापाने झालेल्या असल्याने तो आधीच धरलेला असतो. माणसाच्या चुकीला अशी मर्यादा नसते. वजन चुकले तर वर्गमूळ थोडेफार सावरते. 'दररोज' आणि 'एकूण' यांची गल्लत झाली तर सावरणारे काहीच नसते.

बोस्टनमध्ये १९९४ साली हेच घडले. बेट्सी लेमन या 'बोस्टन ग्लोब' दैनिकात आरोग्यविषयक सदर लिहीत. त्यांच्यावर डाना-फार्बर या नामांकित कर्करोग संस्थेत उपचार चालू होते. सायक्लोफॉस्फामाइड चौरस मीटरला चार ग्रॅम, चार दिवसांत मिळून द्यायचे होते, म्हणजे रोज एक ग्रॅम. ते रोज चार ग्रॅम असे वाचले गेले आणि चारही दिवस तसेच दिले गेले. मात्रा चौपट झाली. लेमन त्या वर्षी ३ डिसेंबरला वारल्या. वय अवघे एकोणचाळीस. तिथे तपासणारे नव्हते असे नाही. पण त्या विभागात मोठ्या मात्रांचे प्रयोग नेहमी चालत, त्यामुळे मोठा आकडा पाहून कोणाचा हात थांबला नाही. चूक उघड झाली ती दोन महिन्यांनी, १९९५ च्या फेब्रुवारीत, जुन्या नोंदी चाळताना.

दुसरी घटना कॅनडातील एडमंटन शहरातली, २००६ ची. ती मला जास्त हादरवून गेली, कारण तिथे दुसरी नजर फिरली होती. फ्लुओरोयुरासिल हे औषध लहानशा पंपातून चार दिवस थेंबथेंब जायचे होते, तासाला १.२ मिलिलिटर. परिचारिकेने हिशेब केला, पण चोवीस तासांनी भागायचे राहून गेले आणि उत्तर २८.८ आले. पिशवीवरच्या चिठ्ठीत दोन आकडे छापलेले होते: चोवीस तासांचे २८.८ आणि तासाचे १.२. आपले उत्तर चिठ्ठीवर दिसताच तिची खात्री पटली. दुसरीने तपासले, तिच्याही नजरेतून ते सुटले. चार दिवसांचे औषध सुमारे चार तासांत गेले आणि रुग्ण त्या ऑगस्टमध्ये दगावली. चिठ्ठीवर एकच आकडा असता, तर आपले उत्तर चिठ्ठीशी जुळत नाही हे तिथेच दिसले असते. नंतरच्या चौकशीत व्यक्तींपेक्षा चिठ्ठीची मांडणी आणि पंपाची रचना यांवर अधिक बोट ठेवले गेले, हे मला योग्य वाटते.

भाच्याला मी दोन्ही घटना सांगितल्या. तो ऐकत होता, मध्येच म्हणाला, "म्हणजे आपल्या त्या दीड तासात..." आणि पुढे बोलला नाही.

चौथ्या वेळेसाठी आम्ही फाईलच्या पहिल्या पानावर एक छोटा तक्ता आखला: तारीख, उंची, वजन, पृष्ठफळ, प्रत्येक औषधाची मात्रा आणि लाल औषधाची आजवरची बेरीज. उंची तोंडी सांगायची नाही, रुग्णालयात मोजलेली लिहायची. वजन दर वेळी त्याच काट्यावर, चप्पल काढून. आमचा तक्ता म्हणजे काही तपासणी नव्हे, डॉक्टरांना शिकवण्याचा तर प्रश्नच नाही. मागच्या आकड्याशेजारी आजचा आकडा आपल्या हाताने लिहिला की फरक डोळ्यांत भरतो, एवढाच त्याचा उपयोग. एखादा आकडा एकदम उडी मारताना दिसला तर "सिस्टर, हे एकदा बघता का?" एवढे विचारायचे. आमच्या अनुभवात त्याचा कोणालाही राग आला नाही.

त्या दिवशी अक्काचे वजन साडेछप्पन्न भरले. पृष्ठफळ १.५६, लाल औषध ९३.६. फरक शेकडा दीडच्याही आत असल्याने डॉक्टरांनी पंच्याण्णवच कायम ठेवले. बिल आले तेव्हा भाच्याने आधी बाटल्या मोजल्या, दोन भरल्या, मग रक्कम पाहिली. औषध यायला त्या दिवशीही सव्वा तास लागला. तो खुर्चीत बसून राहिला. दुकानातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा त्याने "तपासणी चालू आहे, वेळ लागेल" एवढेच सांगून फोन ठेवला.